तक्रार ८५० बॉक्सची, अडकलेली बिले तीन: नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हिंगणा एमआयडीसीतला एक छोटा कारखाना कोरुगेटेड बॉक्स बनवतो. सिंगल फेस मशीन, पेस्टिंग मशीन, स्लॉटिंग आणि स्टिचिंग, सगळे अर्धस्वयंचलित. उद्यम नोंदणी आहे, वर्ग 'लघु'. ग्राहक भंडारा रोडच्या बाजूचा मसाले आणि मिरची पावडर पॅक करणारा उद्योग. चार वर्षांचा व्यवहार, याआधी मोठा वाद नाही. दोन्ही पक्षांची नावे इथे गाळली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी पुरवठादाराच्या बाजूने कागदपत्रे लावायला बसलो होतो. लिखाण त्याच खुर्चीवरून झाले आहे, हे वाचताना लक्षात असू द्या.

खरेदी आदेश ९,००० बॉक्सचा होता. पाच प्लाय म्हणजे कागदाचे पाच थर, दहा किलो मालाचा बॉक्स, दर कर सोडून ३८ रुपये. कागदाच्या मजबुतीबद्दल एकच अट होती, बर्स्टिंग स्ट्रेंग्थ किमान १० किलो प्रति चौरस सेंटिमीटर. पैसे मालाच्या पोचेपासून ३० दिवसांत. गोदामात थप्पी किती उंच लावायची, तक्रार किती दिवसांत आणि कशी करायची, यावर आदेशात एक ओळही नव्हती.

माल जुलैत तीन खेपांत गेला: ३ तारखेला, ११ तारखेला आणि २२ तारखेला. प्रत्येक खेप ३,००० बॉक्सची, प्रत्येकी एक बिल, कर सोडून १,१४,००० रुपयांचे. तिन्ही मिळून ३,४२,००० रुपये.

तक्रार आली ती अशी

२५ जुलैला ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याचा व्हॉट्सॲप संदेश आला. "भाऊ, तुमचे सगळे बॉक्स बसून राहिले. माल खाली सांडला. साहेबांनी पेमेंट थांबवायला सांगितलं." सोबत दोन फोटो. एकात कोसळलेली थप्पी, दुसऱ्यात तोंड उघडलेला एक बॉक्स. कोणत्या खेपेतला, कोणत्या बंडलमधला, किती, काहीच कळत नव्हते.

मालकांनी तासाभरात उत्तर दिले. सोबत प्रयोगशाळेचा दाखला जोडला, बर्स्टिंग १०.४. "आमचा माल पास आहे. तुमच्या गोदामात पाणी येतं, आम्ही काय करणार?" त्यावर २९ जुलैला ग्राहकाच्या लेखा विभागाची ईमेल आली. तिला १,७५,००० रुपयांची डेबिट नोट, म्हणजे बिलांतून एवढी रक्कम कापत असल्याचा कागद, जोडलेली होती. दुसऱ्या खेपेचे पूर्ण बिल १,१४,०००, वर 'मालाचे नुकसान, पुन्हा पॅकिंग, वाहतूक आणि वितरकाची परतफेड' म्हणून ६१,०००. आणि हा वाद मिटेपर्यंत तिन्ही बिले रोखून धरल्याची सूचना.

म्हणजे खुद्द ग्राहकाच्या हिशेबाने वाद १,७५,००० चा होता, पण अडकले होते ३,४२,०००. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली याच फरकात होती. त्या आठवड्यात मात्र दोन्हीकडे सगळे 'माल खराब की गोदाम खराब' यावरच भांडत होते.

समोर असलेले पर्याय

मालकांच्या मनातला पहिला पर्याय वकिलाची नोटीस आणि नंतर लहान पुरवठादारांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज. कायदा त्यांच्या बाजूने भक्कम दिसत होता. २००६ च्या एमएसएमईडी कायद्यानुसार लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते.

पण त्याच कायद्यात एक कलम आहे, जे पुरवठादार बहुधा अर्धेच वाचतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली, तर 'स्वीकृतीचा दिवस' पुढे सरकतो आणि पुरवठादार ती हरकत दूर करेल त्या दिवसावर जातो. १५ दिवसांत हरकत आली नाही, तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा. २५ जुलैचा संदेश पहिल्या खेपेसाठी २२ व्या दिवशी आला होता, म्हणजे उशिरा. दुसऱ्या खेपेसाठी १४ व्या दिवशी आणि तिसऱ्यासाठी तिसऱ्याच दिवशी, म्हणजे वेळेत. संदेशात 'सगळे बॉक्स' असे म्हटले होते. त्यामुळे तिसऱ्या खेपेत खोट असो वा नसो, तिचे घड्याळही ग्राहकाने थांबवले होते.

मालकांचा युक्तिवाद असा की व्हॉट्सॲप लेखी नव्हे, खरी हरकत २९ तारखेच्या ईमेलची, तेव्हा दुसरी खेपही मुदतीबाहेर. यावर वेळ घालवू नका असे मी सांगितले. माहिती तंत्रज्ञान कायदा इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी मानतो. शिवाय १५ दिवसांची मुदत पैसे केव्हा देय होतात एवढेच ठरवते, मालातली खोट ती पुसत नाही. वस्तुविक्री कायद्याखाली, माल स्वीकारल्यानंतरही खोटीपोटी किंमत कमी करून मागण्याचा ग्राहकाचा हक्क उरतोच.

दुसरा पर्याय डेबिट नोट मान्य करून उरलेले १,६७,००० लगेच घेण्याचा. कारखान्याला क्राफ्ट पेपरच्या व्यापाऱ्याचे पैसे द्यायचे होते, त्यामुळे हा मोह खरा होता. पण असे केले की पूर्ण दुसरी खेप खराब होती याची लेखी कबुली होते आणि पुढच्या प्रत्येक तक्रारीचा भाव त्यावर ठरतो.

तिसरा पर्याय उरलेला सगळा माल परत आणण्याचा. पावसाळ्यात दोनदा चढ-उतार झालेला बॉक्स पुन्हा विकायच्या लायकीचा राहत नाही. हा पर्याय पाच मिनिटांत बाजूला पडला.

निवडला तो चौथा. 'दोष कुणाचा' हा प्रश्न तूर्त तसाच ठेवायचा. आधी 'नेमके किती बॉक्स, कोणत्या बिलातले' एवढेच दोघांच्या सहीने कागदावर आणायचे आणि ज्यावर वाद उरत नाही ती रक्कम लगेच मागायची.

पहिले पाऊल: संख्यांचा ताळा

ग्राहकाकडून आम्ही फोटो मागितले नाहीत, स्टोअर रजिस्टर मागितले. तक्रारीत फोटो सगळेच पाठवतात. पण प्रत्येक बिलामागे आवक नोंद क्रमांक, मिळालेले बॉक्स, वापरलेले, बाहेर गेलेले आणि शिल्लक, हे कोणी विचारत नाही. स्टोअरकीपर जुना आणि चोख माणूस होता. त्याने अर्ध्या दिवसात आकडे काढून दिले.

पहिल्या खेपेतले २,४०० बॉक्स बाजारात गेले होते आणि ६०० भरलेले गोदामात होते. त्यांपैकी १८० खालच्या थरात दबलेले. दुसऱ्या खेपेतले १,१०० वापरले होते. त्यातले ८९० बाहेर गेले, २१० गोदामातच उघडे पडले म्हणून पुन्हा पॅक करावे लागले. उरलेले १,९०० कोरे, बंडलमध्ये बांधलेले. तिसरी खेप पूर्ण, ३,००० बॉक्स, सुतळी न सोडलेली.

हे पाहिल्यावर 'सगळे बॉक्स' या शब्दांतली हवा गेली. तिसऱ्या खेपेतला एकही बॉक्स वापरलेलाच नव्हता, तर तो बसणार कसा?

दुसरे पाऊल: एकत्र पाहणी

२ ऑगस्टला ग्राहकाच्या गोदामात पाहणी झाली. ग्राहकाकडून स्टोअरकीपर आणि गुणवत्ता विभागाच्या ताई, आमच्याकडून पेस्टिंगचे सुपरवायझर. मालकांना मी मुद्दाम येऊ दिले नाही, खरेदी अधिकाऱ्यालाही बोलावू नका अशी विनंती केली. ज्यांनी एकमेकांना तिखट संदेश पाठवले आहेत त्यांच्यासमोर मोजणी नीट होत नाही.

बंडल उघडण्याआधी तीन गोष्टी लिहून घेतल्या: किती नमुने काढायचे, खराब कशाला म्हणायचे आणि किती खराब निघाले तर खेप नापास. आदेशात यातले काहीच नव्हते, म्हणून नमुना तपासणीच्या आयएस २५०० या भारतीय मानकाचा आधार घेतला. १,२०१ ते ३,२०० नगांच्या लॉटला सर्वसाधारण पातळीवर १२५ नमुने येतात. २.५ टक्के स्वीकार्य पातळी धरली तर ७ पर्यंत खराब चालतात, ८ वर लॉट नापास. हे आधी ठरवणे फार मोलाचे. निकाल दिसल्यावर निकष ठरवायला बसलो असतो, तर प्रत्येकाने आपल्या सोयीचा आकडा धरला असता. कोणते बंडल काढायचे ते दोन्ही पक्षांनी आळीपाळीने सांगितले. वरचे, मधले, तळाचे, तिन्ही जागांचे आले.

तिसऱ्या खेपेत १२५ मध्ये २ खराब निघाले, पास. दुसऱ्या खेपेच्या शिल्लक मालात १२५ मध्ये ४१.

खोट कशी ओळखली, हे थोडे सविस्तर सांगण्यासारखे आहे. बॉक्सचा प्लाय हाताने सोलून पाहायचा. खळ नीट धरलेली असेल तर कागदाचे तंतू फाटतात आणि आतल्या नागमोडी कागदाच्या नळ्यांच्या रेषांवर रोवा उठतो. खळ धरलेलीच नसेल तर प्लाय कोरडा, स्वच्छ सुटतो आणि आत खळीची नुसती चमकदार रेघ दिसते. पण एवढ्यावर निष्कर्ष काढता येत नाही, कारण पाणी लागले की स्टार्चची चांगली बसलेली खळही सुटते. मालकांचा सगळा भर याच मुद्द्यावर होता. त्याचे उत्तर तिसऱ्या खेपेने दिले. दोन्ही खेपांचे बंडल एकाच भिंतीपासून दूर, एकाच लाकडी फळ्यांवर, शेजारी शेजारी ठेवलेले होते. दुसरी खेप तिथे काही दिवस जास्त होती हे खरे. पण तिच्या बंडलांवर ओलाव्याचा डाग नव्हता आणि थप्पीच्या मधल्या, झाकलेल्या बंडलांतही प्लाय तसाच स्वच्छ सुटत होता. गोदामातल्या दमटपणाचे कारण तिथेच संपले.

आमच्या सुपरवायझरने तिथेच मान्य केले की ती खेप पेस्टिंगनंतर दुसऱ्याच दिवशी गाडीत चढली होती. एरवी जुलैत शीट दोन दिवस वजनाखाली ठेवून वाळवतात. कारखान्याच्या रजिस्टरनेही तेच सांगितले.

मालकांनी पाठवलेला बर्स्टिंगचा दाखला खोटा नव्हता, पण गैरलागू होता. बर्स्टिंग मुख्यतः कागदाची ताकद सांगते. प्लाय एकमेकांना किती चिकटले आहेत किंवा थप्पीत बॉक्स किती वजन पेलेल, हे त्यातून कळत नाही. दाखल्यावर १०.४ आणि हातात प्लाय सुटलेला बॉक्स, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

पहिल्या खेपेतल्या १८० बॉक्सची गोष्ट वेगळी निघाली. ते सगळे एका भिंतीलगत, तळाच्या थरात होते. थप्पी दहा थरांची, म्हणजे तळच्या बॉक्सवर वरच्या नऊ बॉक्सचे ९० किलो. बॉक्सच्या खालच्या कडेला ओलीचा डाग होता आणि सोलल्यावर कोरड्या भागात तंतू फाटत होते, म्हणजे खळ धरलेली होती. भिंतीवरची ओल फोटोत घेतली. ग्राहकाच्या ताईंनी मात्र नोंदवले की उंचीची मर्यादा पुरवठादाराने कधी कळवलीच नव्हती. मुद्दा रास्त होता, तसाच लिहून घेतला.

प्रत्येक फोटोत बंडलची चिठ्ठी दिसेल असे पाहिले. आधी पूर्ण थप्पी, मग बंडल, मग खोट, या क्रमाने. शेवटी एका पानाची नोंद झाली आणि तिच्या तळाशी एक वाक्य: "ही नोंद फक्त प्रत्यक्ष दिसलेल्या स्थितीची आहे, कोणत्याही पक्षाने जबाबदारी मान्य केली किंवा हक्क सोडला असा याचा अर्थ नाही." हे वाक्य नसते तर सुपरवायझर आणि स्टोअरकीपर, दोघांनीही सही केली नसती.

तिसरे पाऊल: निर्विवाद रकमेची मागणी

नोंदीच्या आधारे तिन्ही बिलांची रक्कम दोन भागांत वाटली.

| खेप | वाद नसलेले बॉक्स | रक्कम | वादातले बॉक्स | रक्कम |
|---|---|---|---|---|
| पहिली | २,८२० | १,०७,१६० | १८० | ६,८४० |
| दुसरी | ८९० | ३३,८२० | २,११० | ८०,१८० |
| तिसरी | ३,००० | १,१४,००० | ० | ० |
| एकूण | ६,७१० | २,५४,९८० | २,२९० | ८७,०२० |

४ ऑगस्टला पत्र गेले ते लहानच होते:

"२ ऑगस्टच्या संयुक्त नोंदीनुसार ६,७१० बॉक्सबाबत कोणतीही हरकत शिल्लक नाही. त्यांची रक्कम रु. २,५४,९८० व त्यावरील कर अदा करावा. उर्वरित २,२९० बॉक्सचे रु. ८७,०२० तपासणी पूर्ण होईपर्यंत आपण राखून ठेवावेत, यास आमची हरकत नाही. ही रक्कम स्वीकारल्याने कोणत्याही पक्षाचा उर्वरित रकमेबाबतचा हक्क कमी होत नाही. तिसऱ्या खेपेबाबतची हरकत २ ऑगस्ट रोजी दूर झाली असे समजावे."

शेवटची ओळ साधी दिसते, पण थांबलेले घड्याळ तिनेच सुरू केले. '८७,०२० राखून ठेवा' हे आपणहून लिहिण्याला मालकांचा कडवा विरोध होता. "आपणच कसं म्हणायचं की आमचे पैसे ठेवा?" पण ग्राहकाच्या लेखाधिकाऱ्याला साहेबांपुढे दाखवायला हेच हवे होते. सगळे पैसे सोडा म्हटले असते तर त्याला निर्णय घ्यावा लागला असता. इथे त्याला नोंदीवर बोट ठेवून फक्त आकडा पुढे सरकवायचा होता. १४ ऑगस्टला २,५४,९८० रुपये करासह जमा झाले.

उरलेल्याचा निकाल

१,९०० बॉक्सची शंभर टक्के छाननी ग्राहकाच्या गोदामात झाली, माणसे पुरवठादाराची. ६४० बाद झाले, १,२६० चांगले निघाले. त्यांचे ४७,८८० रुपये ग्राहकाने मान्य केले. आधी उघडे पडलेले २१० धरून बाद झालेले एकूण ८५०, रक्कम ३२,३००. भिंतीलगतच्या १८० बॉक्सवर दोघेही अडून बसले होते. शेवटी ६,८४० रुपये अर्धे अर्धे वाटले. तत्त्वाने पाहिले तर पुरवठादाराने तिथे एक पैसाही सोडायला नको होता, पण ३,४२० रुपयांसाठी आणखी महिनाभर ताणून धरणे परवडणारे नव्हते.

६१,००० च्या दाव्यात कागद फक्त पुन्हा पॅकिंगच्या मजुरीचा होता. हजेरीपत्रक आणि व्हाउचर मिळून ५,६०० रुपये, ते मान्य केले. वितरकाने परत केलेल्या मालाच्या कागदावर खेप क्रमांक नव्हता आणि फोटोतल्या बॉक्सवर तर दुसऱ्याच पुरवठादाराचा शिक्का होता. तो भाग ग्राहकाने स्वतःच मागे घेतला. उरलेल्याला पुरावा आला नाही.

कागदोपत्री शेवट करताना एक घोळ टळला. ग्राहकाच्या लेखा विभागाला वाटत होते की आपल्या डेबिट नोटेने जीएसटीसह सगळे मिटले. तसे नसते. ग्राहकाची डेबिट नोट हा फक्त व्यवहारातला दावा असतो. बिलावरचा कर कमी व्हायचा तर पुरवठादारानेच सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढावी लागते आणि ग्राहकाने तेवढे इनपुट क्रेडिट उलटवावे लागते. म्हणून ग्राहकाने १,७५,००० ची नोट रद्द केली आणि पुरवठादाराने ३५,७२० रुपयांची क्रेडिट नोट, मूळ बिलांचे क्रमांक घालून, काढली. मजुरीचे ५,६०० त्यात घातले नाहीत, कारण ती बॉक्सच्या किमतीतली घट नव्हती. ती रक्कम स्वतंत्र पत्राने वळती झाली. २९ ऑगस्टला उरलेल्या बॉक्सचे ५१,३०० रुपये, मजुरी वजा करून, ४५,७०० मिळाले, वर त्यांचा कर. व्याजाची मागणी पुरवठादाराने केली नाही.

कुठे वेगळे करता आले असते

पहिले उत्तर. २५ जुलैला दाखला पाठवण्याऐवजी 'कोणत्या बंडलचे, चिठ्ठीचा फोटो पाठवा आणि उरलेले बंडल उघडू नका' एवढे तीन ओळींत गेले असते, तर २९ तारखेची डेबिट नोट बहुधा आलीच नसती. दरम्यान ग्राहकाने २१० बॉक्स फेकून दिले होते. त्यांची संख्या आम्ही नुसत्या पॅकिंग रजिस्टरवर मान्य केली, तपासायला वस्तूच उरली नव्हती.

नमुने. कारखान्याने प्रत्येक खेपेचे दोन बॉक्स आपल्याकडे ठेवले असते, तर गोदामातला ओलावा की खळ, हा प्रश्न हिंगण्यातच सुटला असता. इथे तिसरी खेप शेजारी ठेवलेली सापडली, हा योगायोग होता. ती दुसऱ्या खोलीत असती तर खळीची खोट इतक्या ठामपणे कोणालाच सिद्ध करता आली नसती आणि ८०,१८० रुपये बराच काळ लोंबकळत राहिले असते.

एका निर्णयाबद्दल मला अजून शंका आहे. निर्विवाद रक्कम मागताना पुरवठादाराने पुढची ऑर्डर थांबवली नाही, ऑगस्टमध्ये आणखी २,००० बॉक्स दिले. मालकांचे म्हणणे, माल थांबवला असता तर ग्राहक दुसरीकडे गेला असता आणि जुने पैसे आणखी अडकले असते. माझे मत, निदान पहिली रक्कम जमा होईपर्यंत थांबायला हवे होते. यात कोण बरोबर, हे या एका प्रकरणावरून ठरत नाही.

सप्टेंबरपासूनच्या खरेदी आदेशात चार ओळी वाढल्या आहेत. भरलेल्या बॉक्सची थप्पी सहा थरांपेक्षा उंच नको आणि भिंतीपासून एक फूट दूर. तक्रार माल मिळाल्यापासून १५ दिवसांत, बिल आणि बंडल क्रमांकासह. नमुना तपासणी आयएस २५०० प्रमाणे, २.५ टक्क्यांवर. आणि तक्रार असलेल्या नगांपुरतीच रक्कम रोखायची, बाकी ठरल्या दिवशी द्यायची. या शेवटच्या ओळीवर ग्राहकाच्या साहेबांनी दोन आठवडे घेतले, पण सही केली.